ससा आधी, लिंक्स मागाहून

परिसंस्थेवरचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडा, एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर १८४५ पासून पुढची नव्वदेक वर्षे आणि त्यांवर डोंगररांगेसारख्या दोन रेषा. एक कॅनडातल्या बर्फससा नावाच्या सशाची, दुसरी त्याला खाऊन जगणाऱ्या लिंक्सची. लिंक्स म्हणजे कानांवर काळे गोंडे आणि केसाळ, पसरट पंजे असलेले रानमांजर. त्या पंजांमुळे ते भुसभुशीत बर्फात रुतत नाही. दर दहाएक वर्षांनी सशांची रेषा आभाळाला भिडते आणि कोसळते, तिच्या मागोमाग लिंक्सची चढते आणि कोसळते. चित्राखाली एक-दोन ओळींचे स्पष्टीकरण असते: ससे वाढले की लिंक्स वाढतात, लिंक्स वाढले की ससे घटतात, ससे घटले की लिंक्स उपाशी मरतात.

स्पष्टीकरण चूक नाही. पण ते वाचून पान उलटणाऱ्याला त्या रेषांमधली खरी गंमत दिसत नाही. ती दिसायची तर एक प्रश्न विचारावा लागतो. सशांची संख्या शिखरावर असते, नेमक्या त्या क्षणी लिंक्स किती असतात? बहुतेक जण सांगतात, ‘भरपूर’. अगदी थोडे जण सांगतात, ‘अगदी कमी’. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि बरोबर उत्तर काढायला पाटीपेन्सिलीपुरते गणित पुरते.

हे गणित दोघांनी एकमेकांना नकळत मांडले. आल्फ्रेड लोटका हा अमेरिकेत काम करणारा माणूस. त्याने १९२५ मध्ये भौतिक जीवशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात ते छापले. व्हितो व्होल्तेरा हा रोमचा नावाजलेला गणिती. त्याने १९२६ मध्ये तेच मांडले, आणि तेही सशांसाठी नव्हे, माशांसाठी. माशांकडे नंतर येऊ. आधी एक काल्पनिक जंगल घेऊ आणि त्यात फक्त ससे आणि लिंक्स सोडू. पुढचे आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत म्हणून निवडलेले आहेत, कुठल्या जंगलातले मोजलेले नाहीत.

लिंक्स नसतील तर ससे दरवर्षी ८० टक्क्यांच्या दराने वाढतात असे धरू. एक लिंक्स जितके ससे असतील त्यांचा ८ टक्के वाटा वर्षाकाठी फस्त करतो. म्हणजे जंगलात २००० ससे असतील तर १६० ससे, आणि ४००० असतील तर ३२०. पोटात गेलेल्या दर ३२० सशांमागे लिंक्सच्या संख्येत एकाची भर पडते. आणि खायला काहीच मिळाले नाही तर लिंक्स दरवर्षी ५० टक्क्यांच्या दराने मरतात. ससे H आणि लिंक्स L अशी अक्षरे दिली की हे सगळे दोन ओळींत मावते:

```
dH/dt = 0.8 H - 0.08 H L
dL/dt = 0.00025 H L - 0.5 L
```

डावीकडची चिन्हे पाहून दचकू नये. पहिली ओळ सांगते की सशांची संख्या आत्ता कोणत्या वेगाने बदलते आहे: जन्म वजा शिकार. दुसरी तेच लिंक्सबद्दल सांगते: खाण्यातून झालेली वाढ वजा मृत्यू. दोन्ही ओळींत H आणि L यांचा गुणाकार आला आहे. शिकार होण्यासाठी ससा आणि लिंक्स यांची गाठ पडावी लागते, आणि गाठी किती पडतील हे दोघांच्याही संख्येवर ठरते. एवढ्या एका गुणाकाराने दोन रेषा एकमेकींना जखडल्या जातात.

आता मघाचा प्रश्न. जंगलात ३००० ससे आणि १० लिंक्स आहेत. सशांची वाढ ३००० च्या ८० टक्के, म्हणजे वर्षाला २४०० च्या वेगाने. शिकार: प्रत्येक लिंक्स ३००० चे ८ टक्के, म्हणजे २४०. दहा लिंक्स मिळून २४००. जमाखर्च बरोबर जुळला. या क्षणी सशांची संख्या वाढतही नाही, घटतही नाही. हेच सशांचे शिखर. आणि लिंक्स? २४०० ससे खाऊन साडेसात लिंक्सची भर, दहाचे निम्मे म्हणजे पाच मरणार. लिंक्स वर्षाला अडीचच्या वेगाने वाढताहेत. म्हणजे सशांच्या शिखराच्या क्षणी लिंक्स भरपूर नसतात आणि मोजकेही नसतात. ते मधल्या पातळीवर असतात आणि जोरात वर चढत असतात. सशांना शिखरावर थोपवायला मधल्या पातळीइतके लिंक्स पुरे होतात. त्यापुढची प्रत्येक भर सशांना खाली ढकलते.

पुढे चालू. लिंक्स वाढत राहतात, ससे घटत राहतात. ससे २००० वर आले की लिंक्स सुमारे १४ झालेले असतात. आता १४ लिंक्स वर्षाला २२४० च्या वेगाने ससे खातात, त्यातून ७ ची भर पडते, आणि ७ मरतात. म्हणजे हे लिंक्सचे शिखर. पण सशांचा जन्म १६०० आणि शिकार २२४०, ते वेगाने कोसळताहेत. मग येते सशांची तळाची पातळी, साधारण १२५०, आणि त्या वेळी लिंक्स उतरत उतरत पुन्हा १० वर आलेले. त्यानंतर ससे सावरायला लागतात, पण लिंक्स अजून उपाशीच. ते ७ पर्यंत खाली जातात, तेव्हा ससे परत २००० झालेले असतात. तिथून दोघेही चढू लागतात आणि फेरा पूर्ण होतो. या आकड्यांनी एक फेरा साधारण दहा वर्षांचा पडतो. लिंक्सचे शिखर सशांच्या शिखरामागे सुमारे पाव फेरा, म्हणजे अडीचेक वर्षे, राहते.

म्हणून असा आलेख हातात आला की शिखरांची उंची नंतर पाहावी. आधी एका रेषेच्या शिखरातून आणि तळातून खाली उभ्या रेघा ओढाव्यात आणि त्या दुसऱ्या रेषेला कुठे छेदतात ते पाहावे. गणित खरे असेल तर सशांच्या शिखराची रेघ लिंक्सच्या चढणीला, आणि सशांच्या तळाची रेघ लिंक्सच्या उतरणीला छेदली पाहिजे, दोन्ही वेळा लिंक्सच्या त्याच पातळीवर. आमच्या जंगलात ती पातळी १०. तसेच उलट बाजूने: लिंक्सचे शिखर आणि तळ दोन्ही ससे २००० असतानाच येतात.

काळाचा अक्ष काढून टाकला की हेच जास्त ठळक दिसते. आडव्या अक्षावर ससे, उभ्या अक्षावर लिंक्स, आणि प्रत्येक क्षणाचा एक ठिपका. आपले चार ठिपके असे पडतात: उजवीकडे (३०००, १०), वर (२०००, १४), डावीकडे (१२५०, १०), खाली (२०००, ७). जोडले की अंड्यासारखे बंद कडे होते, आणि त्यावरून प्रवास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतो. ही दिशा ध्यानात ठेवा, शेवटी तिचे काम पडणार आहे. कड्याच्या आत (२०००, १०) हा बिंदू आहे. तिथे दोन्ही जमाखर्च एकदम जुळतात आणि काहीच हलत नाही. त्याला समतोल बिंदू म्हणतात.

मी हे पहिल्यांदा स्प्रेडशीटमध्ये मांडले तेव्हा माझे कडे बंद होईना. दर ओळीला एक वर्ष धरून मागच्या ओळीतल्या आकड्यांत वर्षाचा बदल मिळवत गेलो. ३००० ससे आणि १० लिंक्स यांपासून सुरुवात. पुढच्या वर्षी ३००० आणि १२.५. मग २४०० आणि १५.६. मग १३२० आणि १७.२. मग ५६० आणि १४.३. मग ३७० आणि ९.१. ससे १२५० च्या खाली जायलाच नको होते, ते चारशेच्याही खाली घसरले, आणि लिंक्स १४ ऐवजी १७ च्या पुढे गेले. मला वाटले, सूत्रच चुकीचे टाइप केले. सूत्र बरोबर होते. चूक वर्षाच्या पावलात होती. वर्षाच्या सुरुवातीचा वेग वर्षभर तसाच धरला की वळणावर गाडी सरळ जाऊन रस्त्याबाहेर पडते, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी आणखी बाहेर. पाऊल आठवड्याचे केले की कडे जवळजवळ बंद होते. इतर कोणी असा आलेख काढून ‘चढउतार दर फेऱ्याला वाढताहेत’ असा निष्कर्ष सांगितला, तर आधी पाऊल किती लांबीचे घेतले ते विचारावे. पाऊल निम्मे केल्यावर फुगवटाही घटला, तर तो फुगवटा जंगलाचा नाही, हिशेबाचा आहे.

आता समतोल बिंदू कुठून आला ते पाहू, कारण इथे मनाला न पटणारी गोष्ट दडली आहे. लिंक्सचा जमाखर्च कधी जुळतो? दुसऱ्या ओळीत L दोन्ही पदांत आहे, तो काढला की 0.00025 H = 0.5, म्हणजे H = 2000. सशांच्या या पातळीत सशांच्या जन्मदराचा मागमूसही नाही. ती पूर्णपणे लिंक्सच्या गरजेवर ठरली आहे: लिंक्सना तग धरायला जितके ससे लागतात तितके. त्याचप्रमाणे लिंक्सची १० ही पातळी सशांच्या जन्मदरावरून आली, 0.8 भागिले 0.08.

समजा जंगलात चारा वाढला आणि सशांचा जन्मदर दुप्पट झाला. ससे वाढतील? गणित म्हणते, सरासरीने एकही नाही. समतोलाला ससे २००० च राहतील आणि लिंक्स मात्र २० होतील. जादा जन्मलेले सगळे ससे लिंक्सच्या रूपाने फिरत राहतील. आणखी एक सोय अशी की या गणितात एका पूर्ण फेऱ्यातली सरासरी नेमकी समतोल बिंदूइतकीच येते, कडे लहान असो वा मोठे. त्यामुळे सरासरीबद्दल बोलायला अख्खा आलेख काढावा लागत नाही.

व्होल्तेराला माशांचे कोडे याच वाटेने सुटले. कोडे त्याच्याकडे आणले होते उंबेर्तो दांकोना या प्राणिशास्त्रज्ञाने, जो पुढे त्याचा जावई झाला. दांकोनाने एड्रियाटिक समुद्रकाठच्या बाजारांतले मासळीविक्रीचे आकडे जमवले होते. त्यात फ्यूमे बंदराचे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएकाचे, आकडे होते. एकूण मासळीत मुशी, पाकट अशा भक्षक माशांचा वाटा १९१४ मध्ये ११.९ टक्के होता. पहिल्या महायुद्धात मासेमारी मंदावली. १९१५ मध्ये तो वाटा २१.४ वर गेला, १९१८ मध्ये ३६.४ वर. युद्ध संपले, जाळी पुन्हा पाण्यात पडली, आणि १९२३ पर्यंत वाटा १०.७ वर आला. जाळी कमी पडली तर सगळेच मासे वाढायला हवेत. मग भक्षकांनाच एवढी चांदी का?

आमच्या जंगलात उत्तर शोधू. ससे आणि लिंक्स दोघांवरही सारखेच फासे लावले, आणि दोघांचीही वर्षाला १० टक्के दराने जादा घट होऊ लागली असे धरा. सशांचा निव्वळ वाढीचा दर ८० वरून ७० टक्के झाला, लिंक्सचा मृत्युदर ५० वरून ६०. आता लिंक्सना तगायला लागणारे ससे: 0.6 भागिले 0.00025, म्हणजे २४००. आणि लिंक्सची पातळी: 0.7 भागिले 0.08, म्हणजे पावणेनऊ. दोघांवर सारखाच घाव घातला, तरी ससे सरासरीने वाढले आणि लिंक्स घटले. हिशेब उलटा वाचला की फ्यूमेचा बाजार: घाव थांबला, भक्षक वाढले, भक्ष्य घटले.

हा नियम शेतात महागात पडतो. कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांच्या बागांवर पांढऱ्या कापसासारखी दिसणारी एक खवले कीड आली होती. ती मूळची ऑस्ट्रेलियातली. १८८८ च्या सुमारास तिथूनच तिला खाणारा एक लहानसा ढालकिडा आणून सोडला आणि कीड आटोक्यात आली. १९४० च्या दशकात बागांवर डीडीटी फवारला गेला, आणि ती कीड पुन्हा उसळली. फवारणीने दोघेही मरत होते, पण ढालकिडा जास्त मार खात होता. आपल्याकडचे कृषी विस्तार कार्यकर्ते मित्रकीटकांसाठी फवारणी सांभाळून करा म्हणून सांगतात, त्यामागे हाच जमाखर्च आहे.

अर्थात फ्यूमेचे आकडे बाजारात विकल्या गेलेल्या मासळीचे, आणि तेही वाट्याचे आहेत. समुद्रात किती मासे होते ते त्यातून थेट कळत नाही. युद्धात कोणत्या होड्या, कोणत्या जाळ्यांनी, किती खोल गेल्या यावरही वाटा हलतो. व्होल्तेराचे उत्तर सुरेख आहे, पण त्या एका बाजाराच्या जोरावर ते सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही.

इथे गणिताने गृहीत धरलेल्या गोष्टींकडे वळायला हवे. पुस्तकांत त्यांची सात-आठ कलमांची यादी असते, आणि ती परीक्षेत पाठ लिहिली जाते. त्यातली दोन-तीन बाकीच्यांपेक्षा फार जास्त भार उचलतात, तेवढीच घेऊ.

पहिले, आमच्या लिंक्सचे पोट कधी भरत नाही. ससे २००० असताना तो १६० खातो, ४००० असताना ३२०, आणि २०,००० असते तर वर्षाला १६००, म्हणजे रोज चाराहून जास्त. खरा लिंक्स ससा पकडतो, फाडतो, खातो, पचवतो, झोपतो. एका सशात तो गुंतलेला असेपर्यंत दुसरा मोकळा धावतो. कॅनडातल्या सी. एस. हॉलिंग यांनी १९५९ मध्ये हीच अडचण मांडली. त्यासाठी त्यांनी एका माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून टेबलावरच्या सॅंडपेपरच्या चकत्या बोटांनी चाचपून उचलायला लावल्या. चकत्या जास्त ठेवल्या की उचल वाढत गेली, पण मंदावत मंदावत, कारण प्रत्येक चकती उचलून बाजूला ठेवायला वेळ जातो. ही मर्यादा गणितात घातली की दाट सशांच्या वेळी प्रत्येक सशामागचा धोका उतरतो, ससे लिंक्सच्या हातून निसटतात, आणि कडे दर फेऱ्याला बाहेर फुगत जाते. या वेळी तो फुगवटा हिशेबातला नसतो, खरा असतो.

दुसरे, आमच्या सशांना चारा कधी कमी पडत नाही. प्रत्यक्षात हिवाळ्यात बर्फाच्या वर डोकावणाऱ्या विलोच्या काड्या मर्यादित असतात. जास्तीत जास्त किती ससे जगू शकतील याची कमाल मर्यादा घातली की उलटे होते. कडे आत आत गुंडाळत जाते आणि समतोल बिंदूवर विझते.

म्हणजे आपल्या मूळ गणितातले बंद कडे दोन्ही बाजूंनी निसटते आहे. जरा इकडे ढकलले की फुगते, जरा तिकडे ढकलले की विझते. शिवाय त्या कड्याचा आकार केवळ सुरुवातीवर ठरतो. मी ३००० सशांपासून सुरुवात केली म्हणून ते तेवढे. २५०० पासून केली असती तर लहान आले असते. एखाद्या कडक हिवाळ्याने निम्मे ससे मारले तर जंगल दुसऱ्याच कड्यावर जाऊन बसेल आणि तिथेच फिरत राहील, पहिले कडे त्याला आठवणार नाही. कॅनडातल्या सशांचे चढउतार असे वागत नाहीत. ते शतकभर साधारण त्याच आवाक्यात फिरले आहेत. पोट भरण्याची मर्यादा आणि चाऱ्याची मर्यादा दोन्ही एकत्र घातल्या तर योग्य आकड्यांना एकच ठरलेले कडे उरते, आत सुरुवात करा वा बाहेर, शेवटी तिथेच पोचता. खऱ्या आलेखाशी जास्त जुळते ते हे कडे, व्होल्तेराचे नव्हे. पाठ्यपुस्तके दोन्ही चित्रे शेजारीशेजारी छापून एकच असल्यासारखी दाखवतात, ते मला खटकते.

तिसरे गृहीत सहज नजरेतून सुटते: आमच्या जंगलात अर्धा लिंक्सही जगतो. मघाच्या चुकलेल्या स्प्रेडशीटमध्ये १२.५ लिंक्स होते आणि कुणाला काही वाटले नाही. संख्या मोठ्या असल्या की हे चालते. पण कडे मोठे असले की तळाला संख्या एकाच्याही खाली जाते. गणितात 0.03 ससा मरत नाही. तो चिकाटीने वाढत वाढत पुन्हा हजारांवर येतो. जंगलात तो केव्हाच संपलेला असतो.

मॉस्कोतला तरुण जीवशास्त्रज्ञ गॉझ याने हे बाटलीत पाहिले, आणि १९३४ मध्ये पुस्तक लिहिले. भक्ष्य म्हणून पॅरामेशियम हा पाण्यातला एकपेशी जीव, आणि भक्षक म्हणून त्याला गिळणारा डिडिनियम. त्याला आवर्तने हवी होती. झाले असे की डिडिनियमने एकूण एक पॅरामेशियम खाल्ले आणि मग स्वतः उपासमारीने संपले. पुढे त्याने तळाशी गाळ ठेवला, पॅरामेशियमला लपायला जागा. आता डिडिनियम उघड्यावरचे खाऊन संपले, आणि लपलेले पॅरामेशियम बाहेर येऊन बाटलीभर पसरले. शेवटी दर तिसऱ्या दिवशी बाहेरून दोघांचाही एकेक जीव त्यात सोडत गेल्यावर आवर्तने दिसली. जंगलाला असा पुरवठा शेजारच्या जंगलातून होतो. दोन अक्षांच्या आलेखावर शेजारचे जंगल कुठेच नसते.

आता त्या जुन्या आलेखाकडे परत. त्याचे आकडे हडसन बे कंपनीच्या वह्यांतले आहेत. फासे लावणारे लोक कातडी घेऊन कंपनीच्या ठाण्यांवर येत आणि ती नोंदली जात. म्हणजे रेषा जिवंत जनावरांच्या नाहीत, विकलेल्या कातड्यांच्या आहेत. सशांची कातडी स्वस्त, लिंक्सची महाग. किती फासे लावायचे हे भावावर आणि माणसांच्या उत्साहावर अवलंबून होते. त्याहून मोठी अडचण अशी की सशांचे आकडे बरेचसे हडसन उपसागराच्या आसपासचे, तर लिंक्सचे फार दूरवरच्या मुलखातलेही होते. म्हणजे वह्यांत नोंदलेले ससे आणि नोंदलेले लिंक्स एकाच जंगलातले असतीलच असे नाही.

मायकेल गिल्पिन यांनी १९७३ मध्ये हेच आकडे ससे आडवे, लिंक्स उभे असे मांडले आणि वर्षावर्षाचे ठिपके जोडले. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली दिशा आता कामाला येते. कडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काही फेऱ्यांत ते काट्यांच्या दिशेने फिरत होते. म्हणजे लिंक्सचे शिखर आधी, सशांचे मागाहून. आकडे तसेच खरे मानले तर ससे लिंक्सना खात होते. गिल्पिन यांनी आपल्या निबंधाला शीर्षकच दिले: ससे लिंक्सना खातात का? त्यांनी सशांकडून लिंक्सना होणाऱ्या रोगाची शक्यताही तपासली, आणि फासे लावणाऱ्या माणसांकडेही बोट दाखवले. शेजारीशेजारी काढलेल्या डोंगररांगांत ही उलट दिशा सहज डोळ्यांत भरत नाही. कड्यात ती लगेच दिसते.

खरोखर काय चालते हे पाहायचे तर ससे मोजायलाच हवे होते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात क्लुएन इथे चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून एक फेरा उलटेपर्यंत जंगलाचे एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे घेऊन हे केले. काही तुकड्यांत सशांना जादा खाद्य दिले. एका तुकड्याभोवती विजेचे कुंपण घालून लिंक्स आणि कोल्ह्याच्या जातीची कोयोटे बाहेर ठेवली. एकात दोन्ही. तुलनेसाठी राखलेल्या तुकड्यांपेक्षा भक्षक नसताना ससे दुप्पट राहिले, खाद्य दिल्यावर तिप्पट, आणि दोन्ही केल्यावर अकरापट. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, अकरा नव्हे. भूक आणि भीती एकमेकांना जोड देतात, दोघांचा वेगवेगळा हिशेब करून भागत नाही.

आणि तरीही कुंपणाआतले ससेही शेवटी घटले. कुंपण घुबडाला अडवत नव्हते. शिवाय सशांची वीणच खालावली होती. भक्षकांची दहशत असलेल्या वर्षांत माद्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढलेले सापडले, आणि वर्षाकाठी पिल्ले भरभराटीच्या काळातल्यापेक्षा निम्म्याच्या आसपास आली. भक्षक घटल्यावरही ही पडझड लगेच भरून आली नाही. आमच्या पहिल्या ओळीत 0.8 हा आकडा कायमचा लिहून ठेवलेला आहे. क्लुएनच्या मादीच्या पोटात तो, मागच्या वर्षी लिंक्स किती वेळा जवळून गेला यावर, वर-खाली होत होता.